गेटमधून गाडी मागे घेताना वाहतूक नेमकी कुठून येते?

वाचकाचं पत्र : आमची इमारत मोठ्या रस्त्याला लागून आहे, रस्त्यात डिव्हायडर आहे. संध्याकाळी मी गाडी तोंड आत करून लावते आणि सकाळी पावणेनऊला रिव्हर्समध्ये गेटबाहेर काढते. कॅमेरा आहे, सेन्सर आहेत, वॉचमन शिट्टी मारून रस्ता मोकळा करून देतो, मी चारही इंडिकेटर लावते. तरी गेल्या महिन्यात एक दुचाकीवाला मागच्या डाव्या कोपऱ्यावर आदळता आदळता राहिला. मला जायचं असतं उलट दिशेला, म्हणून पुढच्या सिग्नलला यू-टर्न घेते. तिथे मनाईचा बोर्ड नाही, तरी परवा दंड झाला. सासरे एसटीत चालक होते, ते म्हणतात गाडी संध्याकाळीच उलटी आत लावत जा. पण भर गर्दीत उलटी घ्यायची मला भीती वाटते. चुकतंय कुठे?
— एक वाचक, ठाणे

नमस्कार,

तुमच्या सासऱ्यांचं बरोबर आहे. पण ते का बरोबर आहे, हे नीट कळल्याशिवाय तुमची भीती जाणार नाही. म्हणून आधी तुमच्या गेटपाशी काय घडतं ते पाहू आणि मग सिग्नलकडे जाऊ.

दुचाकीवाला डाव्या कोपऱ्यावर आला, हा योगायोग नव्हता. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. त्यामुळे गेटमध्ये रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं, की जवळच्या लेनमधली वाहतूक उजवीकडून येते. आता गाडीचं तोंड आत आहे आणि पाठ रस्त्याकडे. तीच वाहतूक आता तुमच्या डाव्या खांद्यामागून येते. तुम्ही बसलेल्या असता उजव्या सीटवर. म्हणजे जिकडून धोका येतो तिकडे पाहायचं तर नजर अख्ख्या गाडीतून आरपार न्यावी लागते. शेजारची सीट, तिचं हेडरेस्ट, मागच्या सीटची हेडरेस्ट, कुणी बसलं असेल तर त्याचं डोकं आणि शेवटी मागच्या दाराच्या पलीकडचा जाड खांब, एवढं सगळं आड येतं. त्या खांबाआड दुचाकी अख्खी झाकली जाते. गाडी सरळ बाहेर काढताना हीच वाहतूक उजवीकडून, तुमच्या अगदी जवळच्या खिडकीतून दिसते. तिथे आड फक्त काचेलगतचा बारीक खांब असतो आणि मान थोडी पुढे-मागे केली की त्यामागचंही दिसतं.

लोक साधारणपणे असं समजतात, की रिव्हर्समध्ये गाडीचा फार मोठा भाग आपल्या आधी रस्त्यावर जातो. चार मीटरच्या छोट्या गाडीत हे फारसं खरं नाही. तुमच्या डोळ्यांपासून पुढचा बंपर आणि मागचा बंपर ही अंतरं जवळपास सारखीच, दोन मीटरच्या आसपास असतात. डिकी असलेल्या लांब गाडीत मागचं अंतर वाढतं, एवढंच. खरा फरक आहे तो कुठून किती दिसतं याचा. दुसरा फरक वेळेचा.

वेळेचा हिशेब करून पाहा. तुमचा फूटपाथ दीड मीटरचा धरू आणि गेट चार मीटर रुंद. सरळ बाहेर पडताना तुम्ही फूटपाथच्या कडेला थांबता, मोकळी जागा दिसली की डावीकडे वळता, आणि तीन-चार सेकंदांत वाहतुकीच्या दिशेने चालू लागता. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर अंतर कापते. म्हणजे उजवीकडे साधारण ४५ मीटर रस्ता रिकामा असला की पुरतं. रिव्हर्समध्ये मात्र आधी सहा-एक मीटर मागे जायचं, तेही माणूस चालतो त्या वेगाने. त्यात पाच-सहा सेकंद जातात. मग थांबायचं, पहिला गिअर टाकायचा, स्टिअरिंग सरळ करायचं आणि निघायचं. हे आणखी तीन-चार सेकंद. नऊ-दहा सेकंद तुम्ही लेनमध्ये आडव्या असता, म्हणून शंभर मीटरहून जास्त रस्ता रिकामा हवा. सकाळी पावणेनऊला ठाण्यात शंभर मीटर रिकामा रस्ता मिळत नाही. मग आपण तो वॉचमनच्या शिट्टीने मिळवायला बघतो.

या काळात गाडी फिरते कशी, तेही महत्त्वाचं आहे. वाहतुकीच्या दिशेने निघायचं तर रिव्हर्समध्ये स्टिअरिंग डावीकडे फिरवून गाडीचा मागचा भाग येणाऱ्या वाहतुकीच्या अंगावर न्यावा लागतो. त्याच वेळी पुढचा उजवा कोपरा बाहेरच्या बाजूला जवळजवळ एक मीटर झुकतो आणि गेटच्या खांबाला घासू शकतो. म्हणून पुढचा बंपर गेटबाहेर येईपर्यंत स्टिअरिंग फारसं फिरवताच येत नाही. चार मीटरच्या गाडीतून दीड मीटरचा फूटपाथ वजा करा. स्टिअरिंग फिरवायला सुरुवात होते तेव्हा गाडीचे अडीच मीटर आधीच रस्त्यावर आलेले असतात. साडेतीन मीटरच्या लेनमधला डावा भाग, जिथून दुचाक्या जातात, तो तोवर पूर्ण बंद झालेला असतो. तुमच्याकडे आलेला दुचाकीस्वार कदाचित बेफिकीर असेलही. पण जिथे त्याने असायला हवं, तिथेच तो होता.

आता कॅमेरा आणि सेन्सर. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. ते भिंत, खांब, मागे उभी असलेली गाडी यांच्यासाठी आहेत. त्यांचा पल्ला साधारण दीड मीटर असतो. ताशी पाच किलोमीटरने मागे जाताना दीड मीटर म्हणजे एखादा सेकंद. आडव्या वाहतुकीबद्दल हे सेन्सर तुम्हाला काहीच सांगत नाहीत, कारण ताशी चाळीसने येणारी दुचाकी त्यांच्या पल्ल्यात शिरते तेव्हा आदळायला क्षणही उरलेला नसतो. कॅमेऱ्याचं भिंग रुंद कोनाचं असतं. त्यात जवळचं मोठं दिसतं आणि लांबचं आहे त्याहून लांब. पडद्यावर ठिपक्याएवढी दिसणारी बस दोन सेकंदांत मागे येऊन उभी राहते. शिवाय गेटच्या भिंतीआडचं कॅमेऱ्यालाही दिसत नाही. पावसाळ्यात भिंगावर एक थेंब बसला की तेवढा कोपरा गेलाच. बंपरखाली बसलेलं कुत्रं किंवा लहान मूल पाहायला कॅमेरा उत्तम, रस्ता पाहायला नाही. काही महागड्या गाड्यांत मागून आडवी जाणारी वाहनं ओळखणारी यंत्रणा असते, पण तिचाही उपयोग बंपर भिंतीबाहेर आल्यावरच होतो.

चारही इंडिकेटर लावण्याची सवय सोडा. ते लावले की मागून येणारा समजतो, ही गाडी बंद पडली आहे किंवा उभी आहे. ती हलणार आहे, हे त्याला कळत नाही. शिवाय मग डावीकडे वळण्याचा इशारा देताच येत नाही. मागे येत असल्याची खरी खूण म्हणजे मागचा पांढरा दिवा. रिव्हर्स गिअर टाका, ब्रेक दाबून तीन सेकंद थांबा आणि मगच हला. पायी जाणाऱ्याला तेवढी सूचना पुरते. हा दिवा लागतो की नाही, हे संध्याकाळी भिंतीवर पडणाऱ्या उजेडावरून पाहता येतं. बऱ्याच गाड्यांत तो एकाच बाजूला असतो, त्यामुळे दुसरी बाजू अंधारी दिसली तर लगेच गॅरेज गाठू नका. (रिव्हर्स टाकताच भक्तिगीत वाजवणारा हॉर्न मात्र काढून टाका. त्यामुळे कुणी बाजूला होत नाही, उलट सगळे वर बघतात.)

राहिला वॉचमन. त्याला रस्त्यावरची वाहतूक थांबवण्याचा अधिकार नाही, आणि त्याने शिट्टी मारली म्हणून जबाबदारी तुमच्यावरून उतरत नाही. धोका किंवा अडचण होणार नाही याची आधी खात्री करायची आणि गरजेपेक्षा जास्त अंतर मागे जायचं नाही, हा नियम गाडी चालवणाऱ्यासाठी आहे. तरीही वॉचमन उपयोगी आहे, त्याला योग्य जागी उभं केलं तर. बहुतेक वॉचमन गाडीच्या थेट मागे उभे राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करतात. तिथून त्यांना रस्ता पाठमोरा असतो आणि गाडी घसरली तर पहिला फटका त्यांनाच बसतो. त्याला फूटपाथच्या कडेला, गेटच्या ज्या बाजूने वाहतूक येते त्या बाजूला उभं करा. म्हणजे त्याला दूरवरचा रस्ता दिसेल आणि तो तुम्हाला डाव्या आरशात दिसेल. खूण एकच ठरवा : हात वर म्हणजे थांब. ‘या’ अशी खूण ठेवूच नका, कारण ‘या’ म्हणताना त्याने काय पाहिलं आणि काय नाही, हे तुम्हाला कळत नाही. आरशात तो दिसेनासा झाला तरीही थांबायचं.

आता पर्याय पाहू. सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे आवारातच गाडी फिरवणं. छोट्या गाडीला एका दमात वळायला साधारण दहा मीटर रुंदी लागते. एवढी मोकळी जागा इमारतीत क्वचित असते, पण सहा मीटर असली तरी दोनदा पुढे-मागे करून गाडी फिरते. सकाळी सातला इतर गाड्या उभ्या असताना एकदा मोजून पाहा. एखादी स्कूटर हलवून काम होत असेल, तर पुढचं सगळं सोडून द्या.

जागा नसेल तर सासरे म्हणतात तसं, संध्याकाळीच उलटी आत घ्या. तेव्हाही गाडी लेनमध्ये आडवी होतेच, मग फरक काय? फरक असा, की तेव्हा मागून येणारी वाहतूक तुमच्या आरशात सरळ दिसते आणि तिलाही तुम्ही बराच आधीपासून दिसत असता. भिंतीआडून अचानक बाहेर येणारं काही नसतं. आणि मध्येच कुणी आलं तर तुम्ही जागच्या जागी थांबू शकता. थांबलेली गाडी लोक वळसा घालून ओलांडतात.

उलटी आत घेण्याची पद्धत अशी. गेटच्या पन्नासेक मीटर आधीच डावा इंडिकेटर द्या आणि हळूहळू वेग कमी करा, एकदम ब्रेक नको. गेट ओलांडून पुढे जा. रस्त्याच्या कडेपासून साधारण एक मीटर सोडून, मागचा बंपर गेटच्या दूरच्या खांबापासून एक मीटर पुढे गेला की थांबा. चार मीटरच्या गेटला आणि छोट्या गाडीला हे माप जमतं, मोठ्या गाडीला अर्धा मीटर आणखी पुढे जावं लागेल. रिव्हर्स टाका, पांढरा दिवा दिसू द्या. मागची दोन-चार वाहनं उजवीकडून निघून जाऊ द्या. मग आधी उजवा आरसा पाहा. तुम्ही डावीकडे वळताच गाडीचा पुढचा उजवा कोपरा जवळजवळ एक मीटर उजवीकडे जाणार आहे आणि तिथूनच एखादी दुचाकी तुम्हाला ओलांडत असते. नवशिके सगळं लक्ष मागे लावतात आणि या कोपऱ्यावर मार खातात. उजवीकडे मोकळं असेल तर स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवा आणि क्लचवर, अॅक्सिलरेटर न देता मागे या. डाव्या आरशात गेटचा तोच दूरचा खांब, जो आता गाडीच्या जवळ आहे, आणि गाडीची बाजू यांच्यातली फट पाहत राहा. फट दिसेनाशी झाली तर थांबा, पुढे या, पुन्हा घ्या. दुसऱ्यांदा घेण्यात कमीपणा नाही. फूटपाथची कड आली की एकदा पूर्ण थांबा, दोन्ही बाजूंनी चालत येणारं कुणी आहे का ते पाहा, आणि मगच आत या.

ज्या क्रमाने तुम्ही हे करणार, तो आधी अंगवळणी पडायला हवा. रविवारी सकाळी सहाला रस्ता रिकामा असतो. पंधरा मिनिटं फक्त तेवढंच करा : गेट ओलांडा, थांबा, आत घ्या, बाहेर पडा. सासऱ्यांना शेजारी बसवण्यापेक्षा बाहेर उभं करा. एसटी डेपोत गाड्या उलट्या लावताना बाहेरचा माणूस काय पाहतो, ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

एक सावधगिरी. गेट ओलांडून फार पुढे निघून गेलात तर कडेकडेने रिव्हर्समध्ये मागे येऊ नका. डिव्हायडर असलेल्या रस्त्याची प्रत्येक बाजू एकेरीच असते. तिच्यावरून उलट दिशेला जाणं म्हणजे वाहतुकीविरुद्ध गाडी चालवणं, मग तोंड कुठेही असो. गिअर रिव्हर्सचा आहे म्हणून ते चालत नाही. एकेरी रस्त्यात रिव्हर्समध्ये शिरायलाही नियमाने बंदी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, ठरलेल्या प्रवाहाविरुद्ध वाहन चालवणं हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजारांचा दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बाहेर पडायचा फाटा हुकला म्हणून कडेच्या पट्ट्यावरून मागे येणारे दिसतात, ते यातच येतात. तिथे मागून येणारी मोटार ताशी १०० ने असते, म्हणजे सेकंदाला २८ मीटर. पुढची गाडी उभी नाही, मागे येते आहे, हे तिच्या चालकाला उमजेपर्यंत दोन सेकंद गेलेले असतात. फाटा हुकला तर पुढच्या फाट्यावर उतरायचं. जास्तीचं डिझेल आणि टोल, एवढंच नुकसान.

कधी ना कधी गाडी रिव्हर्समध्येच बाहेर काढावी लागेल, कारण मागे दुसऱ्याची गाडी असेल किंवा गेटसमोर खोदकाम असेल. तेव्हा गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारा. मागच्या चाकांमागे आणि गाडीखाली वाकून पाहा. गेटचे दोन्ही दरवाजे पूर्ण उघडून कडी जमिनीतल्या भोकात बसवा, अर्धवट उघडा दरवाजा वाऱ्याने फिरतो. मग गाडी सुरू करा, खिडक्या उघडा, गाणी बंद करा. न दिसणारी रिक्षा बऱ्याचदा आधी ऐकू येते. एक जण बाहेर पाठवा. मागे येताना दोन थांबे घ्या. पहिला गेटच्या रेषेत, फूटपाथवरच्या माणसांसाठी. शाळेची मुलं, भाजीची पिशवी घेतलेल्या आजी भिंतीला चिकटून चालतात आणि गाडीतून त्या शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत. दुसरा थांबा रस्त्याच्या कडेला. इथे डाव्या खांद्यावरून मागे वळून पाहा, मग उजव्या बाजूला पाहा, कारण कडेने उलटी येणारी दुचाकी आपल्याकडे असतेच. मग पुन्हा डावीकडे. दोन्हीकडे एकदा पाहून नजर पडद्यावर नेली आणि तशाच निघालात, तर त्या चार सेकंदांत चित्र बदललेलं असतं. बाहेरच्या माणसाने हात वर केला नाही, हे शेवटी पाहा. उतार असेल तर हँडब्रेक लावूनच थांबा, फक्त क्लचवर गाडी धरून ठेवू नका.

आता सिग्नलचा यू-टर्न.

तुमचा मुद्दा असा, की बोर्ड नाही म्हणजे मुभा आहे. नियम तसा नाही. २०१७ पासून लागू असलेल्या वाहन चालवण्याच्या नियमांत बंदी फक्त लाल वर्तुळातल्या बाणावर अवलंबून नाही. गजबजलेल्या, सतत वाहत्या रस्त्यावर यू-टर्न नाही, महामार्गावर आणि द्रुतगती मार्गावर मन मानेल तिथे नाही, आणि मधली अखंड रेषा ओलांडून नाही. लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत ‘यू-टर्न कुठे घेऊ नये’ असा प्रश्न येतो, ‘वर्दळीचा रस्ता’ या उत्तरावर सगळे खूण करतात, आणि परीक्षा संपल्यावर ते विसरतात. नियमापलीकडे शहाणपणाची यादी वेगळी आहे : वळण, पुलाचा चढ, बोगदा, रेल्वे फाटक, झेब्रा क्रॉसिंग. जिथे समोरून येणारा तुम्हाला शंभर मीटरवरून दिसत नाही, तिथे बोर्ड असो-नसो, वळू नये.

तुमच्या चौकात नेमका कोणता नियम मोडला, हे इथून सांगता येणार नाही. ई-चलनवर फोटो आणि कलम दिलेलं असतं, ते महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनच्या संकेतस्थळावर उघडून पाहा. लाल दिवा तोडल्याचं असेल तर गोष्ट वेगळी. सरळ जाण्याचा हिरवा बाण आणि उजवीकडचा लाल असताना यू-टर्न घेणं म्हणजे लाल दिवा तोडणंच, कारण यू-टर्न हा उजवीकडच्या वळणातच धरला जातो. वाहन चालवण्याचे नियम मोडल्याचं कलम १७७-अ असेल तर दंड पाचशे ते हजारच्या दरम्यान असतो. बोर्ड झाडामागे लपलेला असेल तर आता फोटो काढून ठेवा आणि तक्रार करा. तो प्रामाणिक मुद्दा आहे. पण बोर्ड कुठेच नाही, हा एकटा बचाव टिकणार नाही.

चौकातला यू-टर्न अडचणीचा का असतो, हे समजलं तर दंडाचा रागही कमी होईल. तुम्हाला हिरवा असतो तेव्हा बहुतेक साध्या सिग्नलला समोरच्यांनाही हिरवा असतो. तुम्ही त्यांच्या पुढून वळता. ते थांबले, की आडव्या रस्त्यावरून डावीकडे वळणारे नेमके त्याच लेनमध्ये येतात, जिथे तुम्ही शिरत असता. त्यांचं लक्ष उजवीकडे, सरळ येणाऱ्यांवर असतं, तुमच्यावर नसतं. आणि वळताना तुम्ही दोन झेब्रा क्रॉसिंग कापता, ज्यांच्यावरून लोक आपापल्या हिरव्या माणसावर विसंबून चालत असतात.

त्यात रुंदीचं गणित आहे. तुमची गाडी डिव्हायडरला लागून असलेल्या लेनमध्ये आहे, तिची डावी बाजू डिव्हायडरपासून अडीच मीटरवर. डिव्हायडर सव्वा मीटरचा. छोट्या गाडीला वळायला दहा मीटर लागतात. दहातून पावणेचार वजा केले की सव्वासहा उरतात, म्हणजे पलीकडच्या सात मीटरच्या दोन्ही लेन तुम्ही जवळजवळ पूर्ण घेता. म्हणून ‘डिव्हायडरकडची लेन रिकामी आहे’ एवढं पाहून निघता येत नाही, दोन्ही हव्यात. साडेअकरा मीटर लागणाऱ्या मोठ्या एसयूव्हीला तर पावणेआठ मीटर हवेत, आणि रस्ता आहे सात मीटर. ती मध्येच अडकते आणि भर रस्त्यात रिव्हर्स घ्यावी लागते. एवढं गणित एकदा पावलांनी मोजून पाहा. आपली गाडी त्या रस्त्यावर एका दमात वळते की नाही, हे वळल्यावर कळण्यात अर्थ नाही.

मग उलट दिशेला जायचं कसं? तीन रस्ते दिसतात. चौकाच्या पुढे डिव्हायडरमध्ये यू-टर्नसाठी केलेली अधिकृत वाट असेल, शक्यतो उजवीकडे थांबायला वेगळी लेन असलेली, तर ती घ्या. तिथेही उजवा इंडिकेटर बराच आधी, उजव्या लेनमध्ये आधीच, आणि समोरून ताशी पन्नासने येणाऱ्यासाठी नव्वदेक मीटर रिकामे हवेत, कारण वळायला पाच-सहा सेकंद लागतात. गॅपमध्ये थांबताना एक लक्षात घ्या : सव्वा मीटरच्या डिव्हायडरमध्ये चार मीटरची गाडी मावत नाही, मागचा भाग जलद लेनमध्ये उघडा राहतो. म्हणून आडवं उभं राहून वाट पाहू नका, लेनमध्ये सरळ थांबा आणि दोन्ही लेन मोकळ्या दिसल्यावर एकदम वळा. लोकांनी दगड सरकवून केलेला कट यात धरू नका. समोरच्यांना तिथून कुणी वळेल अशी अपेक्षाच नसते.

दुसरा रस्ता, चौकात डावीकडे वळून आतल्या गल्ल्यांतून फिरून आडव्या रस्त्यावर येणं आणि सिग्नलवर उजवीकडे निघणं. हे लांब वाटतं, पण उजव्या लेनमध्ये घुसून दोन सिग्नल थांबण्यापेक्षा बहुतेक वेळा कमी वेळ लागतो. एक दिवस घड्याळ लावून दोन्ही करून पाहा. तिसरा, उजव्या वळणाचा वेगळा हिरवा बाण असलेला पुढचा सिग्नल. तिथे मनाई नसेल तर बाण लागल्यावर वळा. तुमच्या गेटमधून निघून डिव्हायडरकडच्या लेनपर्यंत जायला अंतर हवं, ते पुढच्या सिग्नलला जास्त मिळतं. शंभर मीटरच्या आत तीन लेन तिरक्या कापून जाणाऱ्या गाड्यांचाच चौकाआधी घोळ होतो.

इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. जुन्या गावठाणात किंवा पेठेत बोळ इतका अरुंद असतो, की गाडी आत वळतच नाही. तिथे बोळ जर दोन रस्त्यांना जोडलेला असेल तर शांत रस्त्याकडून सरळ आत शिरा आणि तोंड मोठ्या रस्त्याकडे ठेवा, म्हणजे सकाळी सरळ निघता येतं. बोळाचं एकच तोंड मोठ्या रस्त्यावर असेल तर रात्री उशिरा, वाहतूक कमी झाल्यावर उलटं आत जा. टेम्पो आणि पिकअपला मागची काच नसते किंवा माल भरल्यावर ती असून नसल्यासारखी होते. त्यांनी माणूस खाली उतरवल्याशिवाय बोळातून मागे येऊच नये.

आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत तीन विषय मांडा. गेटलगतची मेंदी किंवा बोगनवेल एक मीटरच्या उंचीपर्यंत छाटावी, म्हणजे गाडीत बसलेल्याची नजर तिच्यावरून जाते. गेटच्या दोन्ही बाजूंना कडेला लागणाऱ्या गाड्या पाच-पाच मीटर दूर राहाव्यात यासाठी वाहतूक शाखेला लेखी अर्ज द्यावा. आणि स्वतःच्या खांबावर, गेटच्या आतल्या बाजूला एक बहिर्गोल आरसा बसवावा. महापालिकेच्या खांबावर तो परवानगीशिवाय लावता येत नाही. त्या आरशातही लांबचं आणखी लांब दिसतं, म्हणून त्यात ‘कुणीतरी येतंय’ एवढंच वाचा, ‘ते किती लांब आहे’ हे नाही.